एकदाच ऐकणाऱ्यासाठी

पुढचा परिच्छेद आधी डोळ्यांनी वाचा.

‘माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये जन माहिती अधिकाऱ्याने अर्ज प्राप्त झाल्यापासून ३० दिवसांत (व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असल्यास ४८ तासांत) माहिती पुरवणे बंधनकारक असून, विहित मुदतीत माहिती न मिळाल्यास अथवा प्राप्त निर्णयाने समाधान न झाल्यास अर्जदारास ३० दिवसांत प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्याकडे व त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे अनुक्रमे प्रथम व द्वितीय अपील दाखल करता येते, प्रथम अपील ३० दिवसांत, कारणे नोंदवून कमाल ४५ दिवसांत, निकाली काढणे आवश्यक आहे.’

कागदावरचा सारांश म्हणून यात काही चूक नाही. कायद्याची पाच-सहा कलमे सत्तरएक शब्दांत बसली आहेत आणि त्यातली प्रत्येक मुदत बरोबर आहे. एखाद्या पुस्तिकेत हा परिच्छेद आला तर वाचणारा ‘अनुक्रमे’पाशी थबकेल, नजर मागे नेईल, कंसातला मजकूर बाजूला ठेवील आणि दुसऱ्या वाचनात त्याला सगळे उमगेल.

आता हाच परिच्छेद घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, एकदाच. मग विचारा, ‘किती दिवसांत उत्तर यायला हवं?’ बहुधा ‘तीस’ असे उत्तर येईल, कारण तीस हा आकडा तीनदा कानावर पडला आहे. मग विचारा, ‘आणि नव्वद दिवस कशाचे?’ इथे समोरचा माणूस अडेल. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. कंस कानाला ऐकू येत नाही. ‘अनुक्रमे’ हा शब्द ऐकणाऱ्याला मागे जाऊन जोड्या लावायला सांगतो आणि मागे जाण्याची सोय कानाला नसते. शिवाय एकाच वाक्यात सहा मुदती आहेत आणि त्यांतल्या तीन एकसारख्या आहेत.

ऐकण्यासाठी सारांश लिहिणे हे आता फक्त रेडिओवाल्यांचे काम राहिलेले नाही. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी सामुदायिक रेडिओ केंद्रे ते करतात, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणारे करतात, आणि गावच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन-तीन मिनिटांचा आवाज टाकणारे कार्यकर्तेही करतात. यातले पुष्कळजण कागदासाठी लिहिलेला सारांश घेतात आणि स्वच्छ आवाजात वाचतात. आवाज चांगला असतो, उच्चार शुद्ध असतात, तरी ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. दोष वाचण्यात नसून लिहिण्यात असतो. म्हणून वरचाच परिच्छेद घेऊन त्याचा ऐकण्याजोगा सारांश कसा घडतो ते पाहू.

सुरुवात शब्दांपासून करायची नाही. सुरुवात करायची ती ऐकून झाल्यावर माणूस काय करणार आहे, या प्रश्नापासून. आपला श्रोता समजा असा आहे: त्याला पंचायत समितीकडून एका रस्त्याच्या कामाचा खर्च विचारायचा आहे. त्याला कायद्याची परीक्षा द्यायची नाही. अर्ज कुठे द्यायचा, किती दिवस वाट पाहायची आणि उत्तर आले नाही तर कुणाचे दार ठोठवायचे, एवढेच त्याला कळायला हवे. हा माणूस समोर ठेवला की काय गाळायचे हे ठरवणे सोपे जाते. ‘कारणे नोंदवून’ हे शब्द अपिलाचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहेत, ते गेले. कलमांचे क्रमांक गेले. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी केंद्रीय माहिती आयोग आहे, पण आपल्या श्रोत्याला पंचायत समितीत जायचे आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘राज्य सरकारच्या किंवा पंचायतीच्या कार्यालयातून’ असे म्हणून तो फाटा बंद करायचा.

उलट, कागदावरच्या परिच्छेदात नसलेली एक गोष्ट आत आणावी लागते, ती म्हणजे पोच. तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून. ती तारीख हाती नसेल तर पुढची सगळी गणिते हवेत राहतात. कायद्याची कलमे आखडून लिहिणाऱ्याला ही गोष्ट सुचत नाही. श्रोत्याच्या जागी बसून लिहिणाऱ्याला ती सर्वांत आधी सुचते.

किती गाळायचे याला एक कठोर मापही आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एक निबंध लिहिला. माणूस ऐन वेळी सातेक गोष्टी, दोन कमी किंवा दोन जास्त, मनात धरू शकतो असे त्याने मांडले. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवनने उपलब्ध प्रयोगांची छाननी केली आणि हा आकडा चारच्या आसपास आणला. ऐकणाऱ्याच्या बाबतीत तर या चारही जागा मोकळ्या नसतात. तो स्वयंपाक करत असतो, गाडी चालवत असतो, मधेच कुणी हाक मारते. म्हणून मी एका ध्वनिमुद्रणात मुख्य मुद्दे तीनच ठेवण्याच्या बाजूची आहे. चौथा मुद्दा खरोखर आवश्यक असेल तर त्याचे वेगळे ध्वनिमुद्रण करावे. माहिती अधिकाराच्या बाबतीत हे तीन मुद्दे आयतेच मिळतात, कारण माणसाला जास्तीत जास्त तीन ठिकाणी जावे लागते.

आणि इथेच सर्वांत फसवी अडचण उभी राहते. कायद्याच्या भाषेत ही तीन ठिकाणे म्हणजे अर्ज, प्रथम अपील आणि द्वितीय अपील. सारांश लिहिणारा उत्साहाने लिहून जातो: ‘पहिली पायरी अर्ज, दुसरी पायरी पहिले अपील, तिसरी पायरी दुसरे अपील.’ कागदावर हे चालून जाते. कानावर मात्र दोन मोजण्या एकमेकींवर आदळतात. पुढे ‘आता दुसऱ्याकडे वळू’ म्हटले की ऐकणाऱ्याला कळत नाही, दुसरी पायरी की दुसरे अपील? दोन्हींत एका अंकाचा फरक आहे आणि तेवढ्याने मुदत चुकू शकते.

यावर उपाय असा की पायऱ्यांना क्रमांकाची नावे द्यायचीच नाहीत, माणसांची आणि जागांची नावे द्यायची: आधी कार्यालय, मग वरिष्ठ अधिकारी, मग आयोग. या तीन नावांतले कुठलेही दोन शब्द एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. ‘पहिले अपील’ आणि ‘दुसरे अपील’ हे शब्द तरी सांगावेच लागतात, कारण कार्यालयात गेल्यावर तेच शब्द लागणार आहेत. ते त्या त्या जागी पोहोचल्यावर एकेकदा सांगायचे, पण वाट दाखवण्याचे काम त्यांच्यावर टाकायचे नाही.

वाट दाखवणे म्हणजे नेमके काय, ते इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कागदावर मथळे असतात, परिच्छेद असतात, ठळक अक्षरे असतात. पान उलटताना किती उरले आहे ते दिसते. ऐकणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. म्हणून आपण कुठून निघालो, आता कुठे आहोत आणि पुढे किती आहे, हे वाक्यांतूनच सांगावे लागते. आकाशवाणीच्या बातमीपत्रात आधी ठळक बातम्या येतात, मग सविस्तर बातम्या येतात आणि शेवटी ठळक बातम्या पुन्हा वाचल्या जातात. हा वेळकाढूपणा मुळीच नव्हे. सुरुवातीच्या ठळक बातम्या ऐकून माणूस कान कधी टवकारायचे ते ठरवतो, आणि शेवटच्या ऐकून त्याचे सुटलेले भरून निघते. कीर्तनातही पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू होण्याआधी भजन होते. श्रोत्याला घोषणा करून सांगावे लागत नाही, तरी निरूपण संपून आता आख्यान येणार हे त्याला ठाऊक असते.

आपल्या सारांशात या खुणा तीन जागी लागतात. सुरुवातीला किती मुद्दे आहेत ते सांगायचे आणि त्यांची नावेही तिथेच सांगायची. मध्ये एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना वळण ऐकू येईल असे करायचे. शेवटी तीच नावे त्याच क्रमाने परत घ्यायची, नवे काही न घालता. यातले मधले वळण लोक हटकून विसरतात. ‘तसेच’, ‘याशिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ असे शब्द टाकून ते पुढे जातात. हे शब्द एवढेच सांगतात की अजून काहीतरी आहे. काय आहे आणि का आहे, ते सांगत नाहीत. त्यापेक्षा प्रश्न फार चांगले काम करतो. ‘महिना गेला, उत्तर आलं नाही. मग काय करायचं?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्याही मनात त्याच क्षणी आलेला असतो. तो आपण बोलून दाखवला की मागचा भाग मिटतो आणि पुढचा उघडतो. मात्र असा प्रश्न एका ध्वनिमुद्रणात एखाद-दुसराच असावा. प्रत्येक वाक्याआड प्रश्न आला की ती खूण राहत नाही, सवय होते.

आता वाक्ये. ‘छोटी वाक्ये लिहा’ असा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि नकारही शेवटी येतो. ‘माहिती कशासाठी हवी आहे, ती कुणाला दाखवणार आहात, तिचा उपयोग काय करणार आहात हे अर्जात लिहिणे आवश्यक नाही.’ शेवटचे ‘नाही’ येईपर्यंत ऐकणारा मनात यादी करत बसतो की या तीन गोष्टी लिहायच्या आहेत. शेवटच्या शब्दाने ती सगळी यादी उलटते. तो शब्द गोंगाटात हरवला तर उलटा अर्थ घेऊनच माणूस घरी जातो. म्हणून वाक्य आखूड करायचे ते क्रियापद लवकर यावे यासाठी. ‘माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही.’ कर्ता, गोष्ट आणि निकाल एका दमात आले.

एका वाक्यात एकच गोष्ट, हा नियम मी जवळजवळ कधीच मोडत नाही. पण नुसती कात्री चालवली तर वेगळेच बिघडते. ‘अर्ज करायचा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखाली फी नाही. तीस दिवस मुदत.’ हे तारेसारखे झाले. प्रत्येक तुकडा कळतो, पण तुकड्यांचे आपसात नाते काय ते कळत नाही, कारण कापताना ‘पण’, ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘तर’ हे छोटे शब्द आधी गळून पडतात. कागदावर डोळा ते नाते स्वतः जोडून घेतो. कानासाठी ते उच्चारावेच लागते. ‘अर्जाची फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला मात्र फी नाही.’ यातल्या ‘मात्र’ने अपवाद आला हे लगेच कळले. म्हणून वाक्ये कापून झाली की मी पुन्हा पहिल्यापासून जाते आणि प्रत्येक दोन वाक्यांच्या मधल्या फटीत विचारते: इथे विरोध आहे, कारण आहे, की पुढचे पाऊल आहे? जे असेल त्याचा शब्द तिथे हवा.

‘तो’, ‘ते’, ‘त्यांनी’, ‘सदर’ यांच्याबाबत सावध राहावे लागते. आपल्या विषयात दोन अधिकारी आहेत. ‘त्यांनी निर्णय दिला नाही तर त्यांच्याकडे अपील करावे’ यातला कोण कोण हे कागदावरही शोधावे लागते. ऐकताना तर शोधायची सोयच नाही. शाळेत आपल्याला नामाची पुनरुक्ती टाळायला शिकवले, आणि वाचण्याच्या गद्यात ते योग्यही आहे. ऐकण्याच्या गद्यात ‘वरिष्ठ अधिकारी’ हे शब्द चार वेळा आले तरी बिघडत नाही. उलट, एकदा ‘वरिष्ठ अधिकारी’, एकदा ‘अपिलीय प्राधिकारी’ आणि एकदा ‘सक्षम अधिकारी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ती तीन माणसे वाटतात.

आकड्यांचा प्रश्न मराठीत थोडा जास्तच अवघड आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी ऐकताना सुरुवात सारखी असते आणि फरक शेपटीत असतो. सुदैवाने आपल्याकडे तीस, पंचेचाळीस आणि नव्वद आहेत, ते ऐकायला वेगळे आहेत. तरीही आकडा एकटा सोडायचा नाही, त्याला रोजच्या मापाची जोड द्यायची. तीस दिवस म्हणजे महिना, पंचेचाळीस म्हणजे दीड महिना, नव्वद म्हणजे तीन महिने. मराठीला दीड, अडीच, पावणेदोन असे सुटसुटीत शब्द आहेत आणि ते कानाला सोपे जातात. दंडाचे ‘₹२५०’ ‘अडीचशे रुपये’ होऊनच आले पाहिजेत. संहितेत हे सगळे अक्षरी लिहायचे. नाहीतर वाचणारा ‘२५,०००’ पाहून क्षणभर थांबतो, आणि ती नको तिथली थांबणूक ध्वनिमुद्रणात ऐकू येते.

पण खरी गोची त्या दोन तीस दिवसांची आहे. एक तीस दिवस कार्यालयाचे, ज्यात अर्जदाराने थांबायचे. दुसरे तीस दिवस अर्जदाराचे, ज्यांच्या आत त्याने अपील करायचे. आकडा तोच, वागणूक नेमकी उलट. यांची गल्लत झाली तर कुणी कार्यालयाची मुदत संपण्याआधीच अपील घेऊन जाईल, कुणी आरामात वाट पाहत बसेल आणि अपिलाची मुदत घालवील. इथे आकडा कितीही स्पष्ट उच्चारला तरी उपयोग नाही. भेद क्रियापदाने करावा लागतो. पहिल्या तीस दिवसांजवळ दरवेळी ‘थांबायचं’ म्हणायचे आणि दुसऱ्यांजवळ दरवेळी ‘आत जायचं’ म्हणायचे. सारांशात हे शब्द अदलाबदल न करता तसेच परत आले, की आकडा विसरला तरी काय करायचे ते लक्षात राहते.

अपवाद कुठे ठेवायचा, हेही ठरवावे लागते. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. मूळ परिच्छेदात हा अपवाद नियम पुरता सांगून होण्याआधीच कंसात आला आहे. कानासाठी आधी नियम पूर्ण बसू द्यायचा, मग ‘एक अपवाद’ असे शब्द उच्चारून अपवाद सांगायचा आणि पुढच्या वाक्यात मूळ वाटेवर परतायचे. अपवाद दोनांहून जास्त असतील तर ते सारांशात सांगू नयेत. ते आहेत एवढे सांगावे आणि कुठे मिळतील ते सांगावे.

एवढे सगळे धरून संहिता अशी होते. ती मी बोलीतल्या उच्चाराप्रमाणे, ‘केलं’, ‘आलं’ अशी लिहिते. ‘केले’ लिहून ‘केलं’ वाचायला लावले की वाचणारा मधेच अडखळतो, निम्मे असे आणि निम्मे तसे वाचतो.

‘पंचायतीच्या किंवा राज्य सरकारच्या एखाद्या कार्यालयातून माहिती हवी आहे. अर्ज कुठे करायचा, आणि उत्तर आलं नाही तर कुणाकडे जायचं, ते आता ऐका.

या वाटेवर तीन ठिकाणं आहेत. आधी कार्यालय. मग तिथला वरिष्ठ अधिकारी. आणि शेवटी आयोग. एकेक ठिकाण घेऊ.

आधी कार्यालय. ज्या कार्यालयाकडे माहिती आहे, तिथे लेखी अर्ज करायचा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे लिहायचा. अर्जाची फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला मात्र फी नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही. अर्ज दिला की पोच घ्या. पोचेवरची तारीख जपा, कारण दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत. कार्यालयाला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. म्हणजे आपण महिनाभर थांबायचं. एक अपवाद. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर उत्तर अठ्ठेचाळीस तासांत, म्हणजे दोन दिवसांत द्यावं लागतं. एरवी मुदत महिन्याचीच.

महिना गेला. उत्तर आलं नाही. किंवा आलं, पण पटलं नाही. मग काय करायचं?

आता आपण वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातो. वरिष्ठ अधिकारी म्हणजे जन माहिती अधिकाऱ्याच्या वरचा अधिकारी. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जी दाद मागायची, तिला पहिलं अपील म्हणतात. त्यासाठी तीस दिवसांच्या आत जायचं. हे तीस दिवस कधीपासून? उत्तर आलं असेल, तर ते हातात पडल्यापासून. उत्तर आलंच नसेल, तर थांबायचा महिना संपल्यापासून. महाराष्ट्रात या अपिलाची फी वीस रुपये आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. फार तर दीड महिन्यात.

वरिष्ठ अधिकाऱ्याकडेही काम झालं नाही, तर शेवटचं ठिकाण, राज्य माहिती आयोग. आयोगाकडे नव्वद दिवसांच्या आत जायचं. म्हणजे तीन महिन्यांच्या आत. याला दुसरं अपील म्हणतात. माहिती द्यायला विनाकारण उशीर केला असं दिसलं, तर आयोग जन माहिती अधिकाऱ्याला दंड लावू शकतो. दिवसाला अडीचशे रुपये. जास्तीत जास्त पंचवीस हजार.

पुन्हा एकदा थोडक्यात. आधी कार्यालय, तिथे तीस दिवस थांबायचं. मग वरिष्ठ अधिकारी, तिथे तीस दिवसांच्या आत जायचं. मग आयोग, तिथे नव्वद दिवसांच्या आत जायचं. आणि अर्ज देताच पोच घ्यायची.’

मूळ परिच्छेदापेक्षा हा मजकूर किती तरी लांब आहे. सारांश म्हणजे कमी शब्द, असे मानणाऱ्याला हे खटकेल. पण ऐकणाऱ्याचा वेळ शब्दांच्या संख्येने ठरत नाही. सत्तर शब्दांचा परिच्छेद अर्ध्या मिनिटात संपतो आणि वायाही जातो. शांतपणे वाचली तर ही संहिता अडीच-तीन मिनिटे घेईल. आपला वेग प्रत्येकाने घड्याळ लावून मोजावा. मराठीत शब्द लांब असतात, म्हणून इंग्रजीसाठी सांगितलेले मिनिटाचे शब्दमान इथे लावू नये.

संहिता वाचणाऱ्याच्या हाती देण्याआधी तीत थांबे दाखवावेत: वाक्याशेवटी एक तिरपी रेघ, ठिकाण बदलताना दोन. दोन रेघांच्या जागी श्वास घेऊन पुढे जायचे. ‘मग काय करायचं?’ नंतर दोन रेघा हव्यातच. तिथली शांतता कमी पडली तर प्रश्न आणि उत्तर एकमेकांत मिसळतात आणि वळण ऐकूच येत नाही. वाचताना एखादे वाक्य एका श्वासात पुरे होत नसेल तर वाचणाऱ्याने दमसास वाढवायचा नाही, लिहिणाऱ्याने वाक्य मोडायचे.

मग परीक्षा. ज्याने संहिता पाहिलेली नाही अशा एकाला ती एकदाच ऐकवायची, शक्य तर तो हाताने काहीतरी काम करत असताना. संपल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. विचारायचे ते असे: ‘उद्या तुम्ही आधी कुठे जाल? अर्ज दिल्यावर काय मागून घ्याल? महिना उलटला तर कुणाकडे?’ उत्तर चुकले की दोष कुठे आहे ते जवळजवळ बोट दाखवून कळते. ‘महिना उलटला की आयोगाकडे’ असे कुणी म्हणाले तर मधले वळण ऐकू आलेले नाही. तिथला प्रश्न किंवा थांबा वाढवायचा. ‘महिन्याच्या आत अपील करायचं’ असे म्हणाले तर दोन तीस दिवसांची गल्लत झाली आहे. ‘थांबायचं’ हा शब्द आणखी ठळक करायचा. पोच कुणालाच आठवली नाही तर ती संहितेत फार आत दडली आहे. ती भागाच्या शेवटी आणायची, कारण भागाचे शेवटचे वाक्य जास्त टिकते. वरच्या संहितेत पोच अगदी अखेरीला परत आली आहे ती याचसाठी.

ऐकून सगळेच पोहोचत नाही. कार्यालयाचा पत्ता, अर्जाचा नमुना, दूरध्वनी क्रमांक हे कानाने धरून ठेवायचे नसते. महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा असा राज्याचा नियम आहे. अर्ज लिहायला बसणाऱ्याला हे लागेलच. ते सारांशात कोंबण्यापेक्षा ‘अर्जाचा नमुना या आवाजासोबत पाठवला आहे’ असे एक वाक्य पुरे, आणि नमुना खरोखर सोबत पाठवायचा.

आणखी एक गोष्ट आवाजाच्या आतच ठेवावी लागते, ती म्हणजे तारीख. कागदावर छापल्याचे वर्ष कुठेतरी असते. व्हॉट्सअॅपवर पुढे पुढे जाणाऱ्या आवाजावर ते नसते. फाइलचे नाव बदलते, कुणी पाठवली ते पुसले जाते आणि काही वर्षांपूर्वीची फी आज कुणीतरी खरी मानून स्टॅम्प विकत घेते. म्हणून ‘एकेक ठिकाण घेऊ’ याच्या आधी मी आणखी एक छोटे वाक्य घालते, ‘ही माहिती अमुक महिन्यातली, अमुक वर्षातली आहे’, आणि महिना व वर्ष दोन्ही अक्षरी लिहून देते.